पाऊस, पाचोळा आणि धूळ: कमीत कमी चित्रांत

गोदो या खेळ बनवायच्या इंजिनमध्ये सोलापूरच्या एप्रिलचं एक दृश्य आम्ही करत होतो. सिद्धेश्वर तलावाचा काठ, कडुलिंबाची पिवळी पानं, दुपारची धूळ आणि शेवटी अवकाळी सर. आकार १२८० बाय ७२० पिक्सेल. संगणकावर सगळं सुरळीत, पण साध्या मोबाइलवर धूळ उठली की दृश्य अडखळायचं. आम्ही संशय घेतला पावसावर, कारण थेंब तीनशे आणि धुळीचे ढग फक्त वीस. हा अंदाज का चुकला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानांवर, म्हणजे सेलवर, हाताने चित्रं काढायच्या काळात प्रत्येक चौकटीसाठी नवा पाऊस रंगवणं परवडत नसे. पावसाच्या मोजक्या चित्रांचं आवर्तन करून तेच पुन्हा पुन्हा वापरायचं, ही तेव्हाची युक्ती. काही वेळा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा काढून तीच फिल्म दुसऱ्यांदा कॅमेऱ्यातून जायची आणि पाऊस आधीच्या चित्रावर उमटायचा. डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’मध्ये मल्टिप्लेन कॅमेरा वापरला गेला. त्यात काचेवरचे थर एकमेकांपासून अंतरावर ठेवून वेगवेगळ्या गतीने सरकवत, म्हणजे खोली भासायची. थर सरकवायचे, नवं काही काढायचं नाही.

१९८२ साली ‘स्टार ट्रेक २’मध्ये ग्रहावर पसरणारी आगीची भिंत दाखवायची होती. लुकासफिल्ममधल्या विल्यम रीव्हज यांनी त्यासाठी वापरलेली पद्धत १९८३ साली लिहून काढली: पार्टिकल सिस्टिम. प्रत्येक कणाला जागा, वेग, रंग, आकार आणि आयुष्य द्यायचं. दर चौकटीला काही कण जन्माला घालायचे, आयुष्य संपलेले काढून टाकायचे, उरलेले हलवायचे. चित्रकाराने थेंब काढायचा नाही, नियम ठरवायचा. एक चौकट तयार व्हायला वेळ लागला तरी तिथे चालत होतं, कारण चित्रपटाची चौकट आधीच तयार होऊन फिल्मवर जाते. खेळात सेकंदाला साठ चौकटी हव्या असतात, म्हणजे एका चौकटीला जेमतेम सोळा मिलिसेकंद.

ब्राउझरमधल्या खेळांत हाच जन्म-मृत्यू महाग पडला. प्रत्येक थेंबासाठी नवी वस्तू बनवायची आणि टाकून द्यायची. मग स्मृतीची साफसफाई सुरू झाली की दृश्याला मध्येच उचकी. यावर उपाय म्हणजे थेंबांचा साठा आधीच करून ठेवायचा आणि जमिनीवर पडलेला थेंब परत वर नेऊन सोडायचा. म्हणजे सेलचं आवर्तनच, फक्त थेंबागणिक.

पुढे ही हालचाल ग्राफिक्स चिपकडे गेली. गोदो इंजिनमध्ये २०१८ च्या ३.० आवृत्तीत असे कण होते. पण २०१९ च्या ३.१ मध्ये जुन्या उपकरणांसाठी आणलेल्या हलक्या रेंडररला ते जमत नव्हते, म्हणून प्रोसेसरवर चालणारा `CPUParticles2D` हा नोड, म्हणजे दृश्याचा घटक, आला. चिपवरचा नोड आज `GPUParticles2D` या नावाने दिसतो.

चिपला थेंब हलवणं जड जात नाही. जड जातं ते पारदर्शक पिक्सेल एकावर एक रंगवणं. आमचा थेंब दोन बाय बत्तीस पिक्सेलचा होता: तीनशे थेंबांचे मिळून १९,२०० पिक्सेल. धुळीचा ढग मात्र ५१२ बाय ५१२ चा, म्हणजे वीस ढगांचे ५२,४२,८८०. अख्खा पडदाच ९,२१,६०० पिक्सेलचा, म्हणजे धुळीमुळे तो दर चौकटीला साडेपाच वेळांहून जास्त रंगवला जात होता. चित्राच्या रिकाम्या, दिसत नसलेल्या कडाही यात मोजल्या जातात. थेंबाचं चित्र ६४ बाय ६४ चं ठेवलं असतं तर पावसाचेही १२,२८,८०० पिक्सेल झाले असते, अख्ख्या पडद्याहून जास्त.

दोष इथेच आहे का, हे ओळखायची सोपी खूण: चित्र बारीक करून पाहा. कणांची संख्या तीच असताना वेग सुधारला तर दोष रंगवण्यात. काहीच फरक पडला नाही तर कणांच्या हिशेबात किंवा स्क्रिप्टमध्ये.

मग धुळीचे कण आम्ही काढूनच टाकले. कडा जुळणारे दोन रुंद धुरकट पडदे वेगवेगळ्या गतीने आडवे सरकवले. खर्च फार तर दोन पडद्यांचा. मल्टिप्लेनच म्हणा ना! पावसाला कण ठेवले, आयुष्य ०.९ सेकंद, वेग सेकंदाला ९०० पिक्सेल. म्हणजे थेंब ८१० पिक्सेल खाली येतो आणि पडद्याबाहेर जाऊन संपतो. पानं पंधराच, हाताने काढलेल्या आठ चित्रांची गिरकी, `CPUParticles2D` वर. त्यांचं आयुष्य सहा सेकंदांचं असल्यामुळे `preprocess`, म्हणजे दृश्य दिसण्याआधीच पुढे चालवून ठेवायचे सेकंद, हेही सहाच ठेवलं, नाहीतर दृश्य उघडताना झाडाखाली एकही पान नसतं. ही किंमत दृश्य उघडताना एकदाच मोजावी लागते, पण कण हजारोंनी असतील तर तो पहिला झटका जाणवतो.

पावसाने एकदा मात्र दगा दिला. कॅमेरा देवळाच्या शिखराकडे वर गेला आणि सर एकदम गायब. कण कुठवर पसरतात हे इंजिनला सांगणारी `visibility_rect` ची चौकट लहान राहिली होती. ती पडद्याबाहेर गेली की इंजिन सगळे कण रंगवायचं थांबतं, थेंब डोळ्यांसमोर असले तरी. चौकट थेंबांच्या पूर्ण प्रवासाएवढी केली आणि पाऊस परत आला.