दुकान बंद करताय? जीएसटी क्रमांक रद्द करण्याआधी माल विका

शटर ओढलं म्हणजे दुकान बंद झालं, असं जीएसटी खातं मानत नाही. क्रमांक चालू असेपर्यंत विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, आणि उशीर झाला की दंड साचतो. धंदा कायमचा बंद होत असेल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करता येतो. फक्त मालाची विक्री असेल आणि वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत आली असेल, तर धंदा चालू ठेवूनही तो करता येतो.

अर्ज सोपा आहे, लोक चुकतात ते क्रमात. अर्ज केला की नोंदणी स्थगित होते आणि त्यानंतर करपात्र विक्री करता येत नाही. म्हणून आधी माल संपवायचा. शिवाय उरलेल्या मालावर कर भरावा लागतो: खरेदीवर घेतलेलं क्रेडिट किंवा त्या मालाच्या विक्रीवर लागणारा जीएसटी, यांपैकी जास्त असेल तो.

समजा, इलेक्ट्रिकलच्या दुकानात 60,000 रुपयांच्या वायर आणि स्विच उरलेत. 18 टक्क्यांनी क्रेडिट होतं 10,800. बाजारभाव 72,000 धरला तर कर येतो 12,960, आणि तेवढा भरावा लागतो. तोच माल घाऊक व्यापाऱ्याने परत घेतला किंवा शेजारच्या दुकानदाराने पक्क्या बिलावर घेतला, तर हा बोजा उरत नाही. क्रेडिट लेजरमधली शिल्लक इथे वापरता येते. ती रोख परत मिळेल या भरवशावर मात्र राहू नका, म्हणून शेवटचे काही महिने खरेदी आवरती घ्यावी.

मग मागची सगळी विवरणपत्रं भरून पोर्टलवर `Services > Registration > Application for Cancellation of Registration` इथे जायचं. हा अर्ज, म्हणजे `REG-16`, धंदा बंद झाल्यापासून 30 दिवसांत करायचा असतो. त्यात कारण, बंद केल्याची तारीख, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि उरलेल्या मालाचा तपशील लागतो. मालाची यादी खरेदी बिलांसह हाताशी ठेवा.

आदेश आला म्हणजे सुटलो, असं वाटतं आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत `GSTR-10` हे अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. चुकलात तर रोज 200 रुपये, जास्तीत जास्त 10,000. कंपोझिशनवाल्यांना ते लागत नाही.

गिऱ्हाइकांना महिनाभर आधी पाटी लावून सांगा, म्हणजे उधारीही वसूल होते. त्या विक्रीवरचा कर बिल केलं तेव्हाच भरलेला असतो, त्यामुळे पैसे नंतर आले तरी अडचण नाही. मात्र चालू खातं तोवर ठेवा. वॉरंटीच्या वस्तूंची बिलं जपून ठेवायला सांगा, कारण पुढे गिऱ्हाइकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागणार. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर वर्षाला 2,500 रुपयांची मागणी येत राहते. दुकान परवान्याच्या कार्यालयालाही कळवा.

नुसता काही महिने थांबा घ्यायचा असेल, तर तशी सोय जीएसटीत नाही. शून्य विवरणपत्रं भरत राहायची. सलग सहा महिने भरली नाहीत तर खातंच नोंदणी रद्द करू शकतं. त्रैमासिकवाल्यांसाठी ही मर्यादा दोन तिमाह्यांची आहे.

वह्या आणि बिलं रद्दीत घालू नका. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ती जपावी लागतात.