क्लिकशिवायच्या पियानोवर नंतर स्ट्रिंग्ज चढतात का?

“मेट्रोनोमचा क्लिक न लावता बॅलड वाजवली, लय ताणत-सोडत रुबाटोही भरपूर घेतला. आता स्ट्रिंग्ज जोडायच्या तर सगळं पुन्हा क्लिकवर वाजवावं लागेल ना?”

नाही. पियानोला रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या ग्रिडवर ओढू नका, ग्रिडलाच पियानोच्या मागे न्या. आधी ऑडिओ टेम्पोप्रमाणे ताणला जाण्याची सोय बंद करा, नाहीतर वाजवलेलाच हलेल. मग प्रत्येक मात्राचक्राच्या समेवर खूण करा.

समजा, चार ठोक्यांचं चक्र 4 सेकंदांत संपतंय, म्हणजे टेम्पो मिनिटाला 60 ठोके. कोरसमध्ये तेच हळूहळू 3.33 सेकंदांवर आलं, म्हणजे 72. एवढ्या सावकाश चढणाऱ्या लयीला चक्रामागे एक खूण पुरते. शेवटची ओळ रेंगाळते तिथे मात्र एका चक्रातच लय उतरते. तिथे प्रत्येक ठोक्यावर खूण हवी, नाहीतर स्ट्रिंग्ज तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला पियानोच्या मागे पडतात.

बहुतेकांची चूक वेगळीच असते. रुबाटोत उजव्या हाताची चाल मुद्दाम उशिरा येते, डावा हात मात्र लय धरून असतो. खूण डाव्या हाताच्या खर्जावर करा. चालीवर केलीत तर मेट्रोनोम अडखळल्यासारखा वाजतो, आणि हे ऐकताक्षणी कळतं.