बातमीदाराची वही आणि रेकॉर्डिंग: कलम ६३ चे प्रमाणपत्र कोणी द्यायचे, कसे भरायचे, सोबत काय लावायचे

नाशिक जिल्ह्यातल्या तालुका बातमीदारांकडून एक प्रश्न हमखास येतो. नोटीस आली आहे, रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आहे, आता ते ‘सर्टिफाय’ कुठे करून मिळेल? सेतू केंद्रात विचारून झालेले असते, कुणी नोटरीकडे जाऊन आलेले असते. रेकॉर्डिंगची प्रत न्यायालयात पुरावा म्हणून देताना लागणारे हे प्रमाणपत्र कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. त्याचा पहिला भाग बातमीदारालाच भरून सही करायचा असतो, आणि त्यात लिहिलेले खरे ठरावे याची तयारी मुलाखतीच्या दिवशीच करावी लागते.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. जुन्या कायद्यातले कलम ६५-ब वकिलांच्या तोंडी अजून आहे. त्याची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. रेकॉर्डिंगची प्रत पुरावा म्हणून जेव्हा जेव्हा दाखल होईल, तेव्हा प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्याच निवडणूक वादात, जुन्या कलमाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र ज्या उपकरणात मूळ नोंद झाली ते उपकरण त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून न्यायालयात हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. बातमीदाराने यातून घ्यायचे ते एवढेच की ज्या मोबाइलवर मुलाखत घेतली तो मोबाइल मोलाचा आहे. नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलात तर मूळ उपकरणाची वाट बंद झाली.

सही करायला पात्र कोण

ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्या कामाचे व्यवस्थापन ज्याच्याकडे आहे, तो. निफाड, येवला, दिंडोरीकडचे बहुतेक वार्ताहर स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करतात, म्हणून सही त्यांचीच लागते. संपादकाने किंवा कार्यालयाच्या व्यवस्थापकाने वार्ताहराच्या मोबाइलबद्दल सही केली, तर ‘हा फोन तुम्ही वापरत होता का?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही. कार्यालयाचा रेकॉर्डर असेल तर तो ज्याच्या नावावर दिला होता त्याने सही करावी. यासाठी रेकॉर्डर कोणी, कधी नेला आणि परत केला, याची नोंदवही कार्यालयात असावी.

एक उदाहरण धरू

निफाड तालुक्यातल्या एका गावात विविध कार्यकारी सोसायटीच्या अध्यक्षांची मुलाखत झाली. विषय द्राक्षांच्या थकलेल्या पैशांचा. छापून आलेले त्यांचे वाक्य असे: ‘चार महिने झाले, चेक परत आला.’ बातमीत व्यापाऱ्याचे नाव होते. महिनाभराने व्यापाऱ्याची वकिलामार्फत अब्रुनुकसानीची नोटीस आली, आणि त्याच सुमारास अध्यक्ष म्हणू लागले की मी असे बोललोच नाही.

बातमीदाराकडे बावीस मिनिटांचे रेकॉर्डिंग होते. पण मुलाखतीच्या संध्याकाळी डेस्कला पाठवायला त्याने त्यातली चाळीस सेकंदे कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती. नोटीस आल्यावर कार्यालयातून तीच क्लिप पुढे आली. ही क्लिप म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात दिलेले शस्त्र. मागेपुढे काय बोलणे झाले ते त्यात नाही, आणि फाइल कापलेली आहे हे उघड आहे. बातमीदाराचा बचाव मोबाइलमध्ये अजून जशीच्या तशी असलेल्या बावीस मिनिटांच्या मूळ फाइलवर उभा राहिला.

त्या फाइलच्या सुरुवातीला त्याने तारीख, वेळ, गाव बोलून घेतले होते आणि अध्यक्षांना स्वतःचे नाव व पद सांगायला लावले होते. हे दहा सेकंदांचे काम आहे, पण १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून ध्वनिमुद्रणाला हेच प्रश्न विचारले जातात: संभाषण वादाशी संबंधित आहे का, आवाज कोणाचा आहे हे ओळखता येते का, आणि काही पुसले किंवा बदलले गेले नाही हे दिसते का. माणूस स्वतःच्या तोंडाने नाव सांगतो तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. ‘रेकॉर्ड करतोय, चालेल ना?’ आणि त्यावरचा होकारही त्याच फाइलमध्ये यावा. माणसाच्या माहितीशिवाय किंवा संमतीशिवाय संभाषण ध्वनिमुद्रित करू नये असे प्रेस कौन्सिलचे आचारनियम सांगतात. कायदेशीर कारवाईत पत्रकाराच्या संरक्षणासाठी ते आवश्यक असेल, किंवा तसेच दुसरे सबळ कारण असेल, तेवढाच अपवाद आहे.

हॅश: त्याच दिवशी काढा

भाग ‘अ’ मध्ये फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. `SHA256` पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमध्ये एक क्षणही कापला तर पूर्ण ठसा बदलतो. फाइलचे नुसते नाव बदलले तर मात्र तो बदलत नाही. मूळ फाइल केबलने संगणकावर घ्या, ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आपल्या फाइलचे नाव घालून एवढे टाइप करा:

```
certutil -hashfile mulakhat.m4a SHA256
```

आलेला ठसा वहीत लिहायला बसू नका, चूक होते. तो कॉपी करून त्याच रात्री स्वतःला आणि डेस्कला ई-मेल करा आणि वहीत फक्त पहिली व शेवटची सहा अक्षरे लिहून ठेवा. ई-मेलवर तारीख पडते, आणि सगळी गंमत त्या तारखेत आहे. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, इतकेच हॅश सांगतो. त्याआधी काय झाले हे तो सांगू शकत नाही. नोटीस आल्यावर, सहा महिन्यांनी काढलेल्या हॅशने मधल्या सहा महिन्यांचा संशय फिटत नाही. आपल्या उदाहरणातल्या बातमीदाराने हे केले नव्हते. म्हणून त्याच्यासाठी मूळ फोन स्वतः हजर करणे हाच भक्कम रस्ता होता.

डेस्कला ऑडिओ पाठवायचाच असेल तर पूर्ण फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि पलीकडे हॅश काढून जुळतो का ते पाहा. जुळला नाही, तर वाटेत फाइल बदलली आहे आणि ती प्रत फक्त ऐकण्यापुरती समजायची.

भाग ‘अ’ भरताना

संपूर्ण नाव, वडिलांचे किंवा पती-पत्नीचे नाव, राहण्याचे वा नोकरीचे ठिकाण यांनंतर नोंद कुठून घेतली तो प्रकार निवडायचा असतो: मोबाइल, फ्लॅश ड्राइव्ह, क्लाउड वगैरे. मग कंपनी व मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय. आयएमईआय `*#06#` डायल केल्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. उपकरण तुमच्या कायदेशीर ताब्यात होते, नेहमीच्या कामासाठी वापरात होते आणि त्या काळात नीट चालत होते, असे विधान नमुन्यात छापलेलेच आहे. फोन मध्ये दुरुस्तीला गेला असेल तर ते लपवू नका. बिघाडाचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झाला नाही, असे म्हणण्याची सोय नमुन्यातच आहे. शेवटी हॅश, कोणत्या पद्धतीने काढला, तारीख, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ आणि ठिकाण.

सोबत लागणारे कागद फार नाहीत. हॅशचा अहवाल जोडावा लागतो, हे नमुन्यातच लिहिले आहे. फोनच्या खरेदीचे बिल, त्या दिवशीचा ई-मेल आणि रेकॉर्डिंगचा शब्दशः उतारा वकिलाकडे द्यावा. उतारा काढताना ‘अं’, ‘म्हणजे’, अर्धी सोडलेली वाक्ये सगळे ठेवा. भाग ‘ब’ साठीचा तज्ज्ञ वकिलाच्या सल्ल्याने ठरवा आणि त्याच्याकडे मूळ फाइलच न्या.

वही

रेकॉर्डिंग आहे म्हणून वही सैल सोडणारे बरेच आहेत. माझ्या मते हीच मोठी चूक. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ प्रमाणे साक्षीदाराला साक्ष देताना स्वतःचे लिखाण पाहून आठवण ताजी करता येते. अट अशी की ते घटनेच्या वेळीच, किंवा आठवण ताजी असताना लगेच लिहिलेले असावे. म्हणून बांधीव, पानांना क्रमांक घातलेली वही घ्या. प्रत्येक मुलाखतीच्या वर तारीख, सुरू झाल्याची वेळ, जागा, हजर माणसे. माणसाचे नेमके शब्द अवतरणात, आपला सारांश अवतरणाबाहेर. निफाडच्या त्या वहीत ‘चेक परत आला’ हे अवतरणात होते आणि समासात ७:२० अशी रेकॉर्डिंगची वेळ होती. व्यापाऱ्याच्या हेतूबद्दलचा शेरा अवतरणाबाहेर होता, आणि तो छापलेला नव्हता. एवढ्यावरून वही आणि ऑडिओ एकमेकांना जुळले.

चूक झाली तर एक रेघ मारून खोडा, खालचे वाचता आले पाहिजे. नंतर काही आठवले तर मधल्या जागेत घुसवू नका. पुढच्या पानावर त्या दिवसाची तारीख टाकून लिहा. पान कधीही फाडू नका, कारण क्रमांकातली एक गळती उलटतपासणीत तासभर पुरते.

आता यातला धोका. आठवण ताजी करण्यासाठी जे लिखाण पाहिले ते विरुद्ध बाजूने मागितले तर कलम १६४ प्रमाणे दाखवावे लागते. त्याच वहीत बाजार समितीतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने विश्वासाने सांगितलेली माहिती नावानिशी असेल, तर वही पुढे करताना तोही उघडा पडू शकतो. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) ने स्रोत न सांगण्याचे संरक्षण दिले आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या कामापुरते. निफाडच्या दिवाणी किंवा फौजदारी न्यायालयात त्याचा आधार घेता येत नाही. त्यामुळे गुप्त स्रोतांसाठी वेगळी वही, आणि तिच्यात नावाऐवजी खूण.

किती दिवस जपायचे

छापील बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष आहे. फौजदारी तक्रारीची तीन वर्षे, आणि विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मी चार वर्षे धरतो. नोटीस आली की मात्र मुदतीचा हिशेब बंद. त्या विषयाची वही, मूळ फाइल, फोन, डेस्कशी झालेले संदेश, यातले काहीही प्रकरण शेवटच्या अपिलापर्यंत मिटेस्तोवर पुसायचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर नोटीस वाचून झाल्यावर पहिले काम ती बंद करण्याचे.