घटनाक्रमाचा परिच्छेद

घटनाक्रमाचा परिच्छेद म्हणजे लांबलेल्या वादाची तारीखवार हकिकत पत्राच्या सुरुवातीलाच मांडणारा परिच्छेद. नोटिसा, तक्रारअर्ज आणि अपिले यांत तो येतो. माहितीच्या अधिकारातल्या दुसऱ्या अपिलात त्याची खरी गरज दिसते, कारण २००५च्या या कायद्यात प्रत्येक टप्प्याला मुदत आहे. माहिती साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवी, पहिले अपील त्यापुढच्या ३० दिवसांत करायचे असते आणि दुसऱ्यासाठी ९० दिवस असतात. अपील मुदतीत आहे का, हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळले पाहिजे.

समजा, नळजोडणीच्या नस्तीची प्रत मागितली आहे आणि दुसरे अपील ३ जून २०२४ रोजी दाखल होत आहे. परिच्छेद असा होईल :

‘मी ८ जानेवारी २०२४ रोजी जन माहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला (पोच, पान १). ७ फेब्रुवारीला मुदत संपली. उत्तर आले नाही. २० फेब्रुवारीला मी पहिले अपील दाखल केले (पान २). १४ मार्चला सुनावणी झाली. १५ दिवसांत माहिती द्यावी, असा आदेश मला २० मार्चला मिळाला (पान ४). आजपर्यंत माहिती मिळालेली नाही.’

इथे आदेशावरच्या तारखेपेक्षा तो हाती पडल्याची तारीख मोलाची आहे, कारण ९० दिवस तिथून मोजले जातात आणि १८ जूनला संपतात. म्हणून आदेशाचे पाकीटही जपून ठेवावे. अर्जाच्या बाबतीत तो लिहिल्याची नव्हे, कार्यालयाने स्वीकारल्याची तारीख धरावी. आवक शिक्का त्यासाठीच असतो.

सर्वाधिक घोळ स्मरणपत्रांमुळे होतो. अर्जदार चार-पाच स्मरणपत्रे पाठवतो, शेवटच्या पत्रापासून दिवस मोजतो आणि मुदत हुकवतो. स्मरणपत्राने अपिलाची मुदत वाढत नाही. फार तर त्यांचा एका वाक्यात उल्लेख करावा. ‘अनेकदा फोन केले’, ‘जाणूनबुजून टाळाटाळ केली’ ही वाक्येही इथे नकोत. पहिल्याला तारीख नाही, आणि दुसरे म्हणणे आहे, घटना नव्हे; त्याची जागा पुढे अपिलाच्या कारणांत. परिच्छेद तपासायची सोपी रीत अशी की प्रत्येक तारखेवर बोट ठेवून तिचा कागद शोधावा. कागद सापडला नाही, तर ते वाक्य काढावे किंवा पुराव्याविना आहे हे स्पष्ट लिहावे.

स्वतःला अडचणीची तारीख मात्र गाळू नये. आदेश मिळाल्यावर कार्यालयाने काही पाने दिली असतील, तर ‘माहिती मिळाली नाही’ म्हणणे खोटे ठरते; कोणती पाने कधी मिळाली आणि कोणती राहिली, हे लिहावे. दुसऱ्या अपिलाला उशीर झाला असेल, तरी पुरेसे कारण पटल्यास माहिती आयोग ते दाखल करून घेऊ शकतो. अशा वेळी उशिराचे कारणही याच क्रमात यावे : आजारपण असेल तर दवाखान्यात दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख, कागदासह.