सोन्याच्या खाणीची रॉयल्टी कशी भरतात, कोणाला लागते, कागदपत्रं काय आणि एका ग्रॅममागे खर्च किती वाढतो

आधी कोणाला लागू ते बघू. भंगारातलं सोनं वितळवणारे, रिफायनरीवाले, सराफ यांचा याच्याशी काही संबंध नाही. ज्याच्या नावावर सोन्याचं मायनिंग लीज आहे त्यालाच रॉयल्टी भरावी लागते, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः कर्नाटकातली हट्टी आणि आंध्रातलं जोन्नागिरी असली मोजकीच ठिकाणं.

दर केंद्राच्या खाण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलाय. फक्त सोन्यासाठीच खाण असेल तर लंडन बुलियन मार्केटच्या भावाच्या 4 टक्के, आणि तांब्यासारख्या दुसऱ्या धातूबरोबर सोनं निघत असेल तर 3.3 टक्के. फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा दिसतो पण खरी गोम वेगळीच आहे. जोडधातू म्हणून निघालेल्या सोन्यावर रॉयल्टी बसते ती प्रत्यक्ष हातात आलेल्या सोन्यावर, आणि सोन्याच्या खाणीत मात्र काढलेल्या खनिजात जेवढं सोनं होतं तेवढ्या सगळ्यावर, मग ते निघो नाहीतर टेलिंगमध्ये, म्हणजे मिलमधून टाकून दिलेल्या गाळात, जावो.

हिशोब करून बघा. समजा भाव ग्रॅमला 9,000 रुपये, आणि एक टन खनिजात 4 ग्रॅम सोनं. म्हणजे किंमत झाली 36,000 आणि रॉयल्टी 1,440. आता मिलची रिकव्हरी 85 टक्के धरली तर हातात येतं 3.4 ग्रॅम, म्हणजे मिळालेल्या ग्रॅममागे रॉयल्टी पडली साधारण 424 रुपये, कागदावर 4 टक्के असली तरी खरी 4.7 टक्के. खनिज अवघड असेल आणि रिकव्हरी 70 वर आली तर तोच दर 5.7 च्या आसपास जातो. ज्याचं सोनं आधीच कमी निघतंय त्यालाच जास्त बसतं, हे मला तरी उलटंच वाटतं.

इथं थांबत नाही. रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हप्ता येतो, 12 जानेवारी 2015 च्या आधीच्या लीजला 30 टक्के आणि लिलावातल्या लीजला 10 टक्के, शिवाय राष्ट्रीय खनिज अन्वेषण निधीचे जे 2 टक्के होते ते 2025 च्या दुरुस्तीने 3 केले. जुन्या लीजचं वरचंच उदाहरण घेतलं तर टनामागे एकूण 1,915 होतात, म्हणजे ग्रॅमला 563. लिलावातल्या लीजला हप्ता कमी पण तिथं बोलीतला प्रीमियम वेगळा, आणि तोच बरेचदा रॉयल्टीपेक्षा भारी पडतो.

कागदपत्रं अशी जमवून ठेवायची: लीजचा करारनामा, भारतीय खाण ब्युरोची नोंदणी, मिलमध्ये गेलेल्या खनिजाचं वजन, त्याचे आणि टेलिंगचे चाचणी अहवाल, रिफायनरीकडून आलेला शुद्धतेचा रिपोर्ट, आधीची चलनं. मासिक विवरण पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत ब्युरोला जातं, आणि रॉयल्टी राज्याच्या खाण खात्याकडे भरायची. भाव विक्रीच्या दिवसाचा नाही तर त्या काळातला सरासरी धरतात. अडचण कुठं येते तर मेळात. निघालेलं सोनं अधिक टेलिंगमधलं सोनं ही बेरीज मिलमध्ये गेलेल्या सोन्याशी जुळायला हवी, जुळली नाही की अधिकारी विचारणारच आणि फरकाची मागणी निघू शकते, म्हणून दर महिन्याला स्वतःच ताळा करून बघा, वर्षाअखेरीला नको.

आता कस्टमची गंमत. रॉयल्टी लंडनच्या भावावर, पण खाणवाला सोनं विकतो देशातल्या भावाने, आणि त्यात आयात शुल्क मिसळलेलं असतं. जुलै 2024 च्या बजेटमध्ये शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. लंडनचा भाव 9,000 च धरला तर देशातला भाव 10,350 वरून 9,540 झाला, म्हणजे ग्रॅममागे 810 रुपये गेले, वरच्या सगळ्या 563 पेक्षा जास्त, आणि रॉयल्टी एक पैसा कमी झाली नाही. खर्च तेवढाच, मिळकत कमी. निर्यातीवर कर असतो तिथंही मार विक्रीच्या भावावरच बसतो. घानाने 2019 मध्ये लहान खाणवाल्यांच्या सोन्याच्या निर्यातीवर 3 टक्के कर कापायला सुरुवात केली तर माल चोरवाटेने जायला लागला, म्हणून 2022 मध्ये तो दीड टक्क्यावर आणला आणि 2025 मध्ये काढूनच टाकला.

आणखी एक बघून ठेवा. 25 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 8 विरुद्ध 1 असा निकाल दिला की रॉयल्टी हा कर नाही, त्यामुळे राज्यं खाणहक्कावर वेगळा कर लावू शकतात. मागची थकबाकी 1 एप्रिल 2005 पासूनची मागता येते, पण 1 एप्रिल 2026 पासून 12 वर्षांच्या हप्त्यांत. तुमच्या राज्याने असा कायदा केला असेल तरच हे लागू, तेव्हा लीजवर बोली लावायच्या आधी राज्याचा कायदा वाचा आणि तो आकडा ग्रॅमच्या हिशोबात घालूनच बोली ठरवा, नाहीतर 3 ग्रॅम ग्रेडचं खनिज कागदावर परवडतं आणि जमिनीवर ढिगाऱ्यात टाकावं लागतं.