डीडीआर५ घेतल्याने गेम खरंच वेगाने चालतो का?

इंटेलचा आय५-१२४०० हा २०२२ सालचा मध्यम किमतीचा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमवर चालतो. मदरबोर्ड मात्र सहसा दोन्हींपैकी एकाच जातीचा घ्यावा लागतो, कारण स्टिकची खाच वेगळ्या जागी असते. निवड खरेदीच्या दिवशीच करायची, म्हणून हा हिशेब आधी समजून घेतलेला बरा.

रॅमच्या पाकिटावर डीडीआर४ च्या ३२०० वेगाच्या जागी डीडीआर५ चा ४८०० दिसला की गेमही दीडपट पळेल असं वाटतं. पण तो आकडा सेकंदाला किती डेटा वाहून नेता येईल, एवढंच सांगतो. गेमला बहुतेक वेळा इथून-तिथून छोटे तुकडे हवे असतात: शत्रू कुठे उभा आहे, दार उघडं आहे का. तो तुकडा प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान साठ्यात, म्हणजे १८ एमबी कॅशमध्ये सापडला नाही, की कोअर रॅमची वाट पाहत थांबतो. तिथे उशीर मोजायचा असतो. पाकिटावरच्या सीएल या उशिराच्या आकड्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० सीएल १६ ला १० नॅनोसेकंद येतात, ४८०० सीएल ४० ला जवळपास १७, आणि ६००० सीएल ३० ला पुन्हा १०. रॅमपर्यंतच्या पूर्ण फेरीला याहून बराच जास्त वेळ जातो, पण स्वस्त डीडीआर५ चांगल्या डीडीआर४ ला सहज मागे का टाकत नाही, ते इथे कळतं. ६००० ची स्टिक तेवढ्याच उशिरात जवळपास दुप्पट डेटा आणते. फायदा दिसला तर तिचाच.

तोही दरवेळी दिसत नाही. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला ९ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डला १४. नव्या रॅममुळे ९ चे ८.४ झाले, तरी फ्रेम कार्डासाठी थांबणारच; ७१ एफपीएसचे ७१ च राहतात. ग्राफिक्स खाली आणून कार्डाचं काम ५ मिलिसेकंदांवर आलं, तर मात्र १११ चे ११९ होतात. आपलं काय चाललंय ते ओळखणं सोपं आहे. खेळताना स्क्रीनवर कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल, तर रॅम बदलून पैसे वाया जातील. मध्यम बजेटच्या पीसीत बहुधा हेच दिसतं, म्हणून वाचलेले पैसे मी कार्डात घालेन.

माझ्या भाच्याचा पीसी अडखळत होता, म्हणून तो डीडीआर५ च्या मागे लागला होता. बायोस उघडला तर रॅमला पाकिटावरचा वेग देणारं XMP बंद होतं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती. शिवाय १६ जीबीची एकच स्टिक होती, म्हणजे रॅमचे दोन रस्ते असून एकच वापरात. XMP चालू केलं, तशीच दुसरी स्टिक जोडली, आणि गर्दीच्या लढाईत बसणारे झटके थांबले. मदरबोर्ड तोच, रॅमही डीडीआर४ च.