वाळलेला गणपती आणि ओला गणपती

आमच्या घरी यंदा दोन गणपती होते. एक कुंभारवाड्यातून आणलेला, दुसरा लेकीने शाळेतल्या कार्यशाळेत केलेला, मुठीएवढा. तो तयार झाला स्थापनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. दीड दिवसाने दोन बादल्यांत दोघांचं विसर्जन केलं. कुंभाराच्या गणपतीतून तळाशी जाताच बुडबुड्यांच्या माळा सुटल्या, आधी कान गळले, मग सोंड, आणि अर्ध्या तासात बादलीत गाळाचा ढीग उरला. लेकीचा गणपती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही पाटावर बसावा तसा पाण्यात बसून होता. अंग जरा बुळबुळीत झालं होतं, एवढंच.

लेक रडवेली झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पूजेत काही चुकलं असन. देव जायाले तयार नाही." मी विज्ञान शिकवण्यात तीस वर्षं काढली, पण खरं उत्तर कुंभाराने दिलं. "ओली आहे न जी ते माती. वाळली नाही तं इरघळन कशी?"

ओली वस्तू पाण्यात टिकते आणि कोरडी मोडते, हे ऐकायला उलटं वाटतं. पण विदर्भातल्या शेतकऱ्याला ते नवीन नाही. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानातली ढेकळं एवढी टणक होतात की पायाला टोचतात, आणि मृगाची पहिली जोराची सर आली की तीच भसाभस फुटतात. बादलीत दिसलं ते हेच.

मुळात "माती विरघळते" हा शब्दच चुकीचा आहे. साखर विरघळते, मीठ विरघळतं. त्यांचे कण पाण्यात इतके सुटे होतात की गाळणीने वेगळे करता येत नाहीत. मातीचे कण तसेच्या तसे राहतात, फक्त एकमेकांचा हात सोडतात. गढूळ बादलीत तुरटी फिरवून ठेवा, सगळी माती तळाशी परत मिळते.

हात सुटतो कसा, तो भाग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो. मूर्तीच्या चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन, यावरून अंदाज करा. माती वाळते तेव्हा कणांमधलं पाणी उडून जातं आणि त्या फटींमध्ये हवा शिरते. अशी मूर्ती पाण्यात बुडवली की पाणी बाहेरून, सगळ्या बाजूंनी एकदम, त्या फटींत ओढलं जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तीच ही केशाकर्षणाची ओढ, फक्त फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. एक मायक्रॉन रुंदीच्या नळीसारख्या फटीत तिचा जोर साधारण तीन वातावरणांइतका भरतो, म्हणजे मोटारीच्या चाकात भरतो त्या हवेपेक्षा जास्त. आता मधल्या हवेने जायचं कुठे? चहूबाजूंनी पाणी आत येतंय, वाट बंद आहे. ती दाबली जाते, दाबली जाते आणि शेवटी मातीचा पापुद्रा उडवून बाहेर पडते. तोच बुडबुडा. आमची आजी म्हणायची, बाप्पाचा जीव चालला. त्याच वेळी आत शिरलेलं पाणी कणांमध्ये घुसून त्यांना एकमेकांपासून लांब करतं. काळ्या मातीतली खनिजं तर पाणी पिऊन फुगतात, म्हणून आपल्या घरांच्या भिंतींना तडे जातात.

लेकीच्या मूर्तीत फटी आधीच पाण्याने भरलेल्या होत्या. कोंडायला हवा नव्हती, ओढायला रिकामी फट नव्हती. म्हणून बुडबुडे नाहीत आणि मोडणंही नाही. आम्ही ती मूर्ती अलगद बाहेर काढून गच्चीवर पाच-सहा दिवस उन्हात ठेवली. रंग फिका पडला, गालाला लावली तरी गार लागेना, तेव्हा पुन्हा बादलीत सोडली. विसाव्या मिनिटाला सोंड गेली. काकू बघायला आल्या होत्या, त्यांनी पूजेचा विषय काढला नाही.

याच ओढीने २१ सप्टेंबर १९९५ रोजी सगळ्या देशाला रांगेत उभं केलं होतं. गणपती दूध पितो म्हणून आमच्या गावातही देवळासमोर गंज घेऊन माणसं उभी. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीवर ओढलं जायचं आणि पातळ थर होऊन खाली ओघळायचं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवला, तरी रांग हटली नाही.

आता प्लास्टर ऑफ पॅरिस. गंमत अशी की हे खरोखर विरघळतं! जिप्सम भाजून केलेली ही पूड पाणी मिळालं की पुन्हा जिप्सम होते आणि तिचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात. हे जिप्सम एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला छतावरची हजार लिटरची टाकी लागेल, तीही सारखी ढवळत राहिलो तर. बारीक फटी तिच्यातही असतात, पण स्फटिकांची गुंतवळ पाण्याच्या जोराला दाद देत नाही. म्हणून विरघळणारी मूर्ती मे महिन्यात आटलेल्या नाल्यात हात-पायांसकट सापडते आणि न विरघळणारी अर्ध्या तासात नाहीशी होते.

प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. त्याच्या द्रावणात मूर्तीचा चुनखडीचा गाळ होतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे आपण खत म्हणून ओळखतो. पण मूर्तीच्या वजनाइतकीच पूड लागते, म्हणून हा उपाय घरच्या गणपतीपुरता बरा.

"इको-फ्रेंडली" असा कागद चिकटवलेली मूर्तीही तपासून घ्यावी. माती शाडूची असली तरी वरून तैलरंग फासला असेल तर फटींची तोंडं बंद होतात आणि पाणी आत जात नाही. आमच्याकडे एकदा अशीच निघाली. बुडाला, जिथे रंग नव्हता, तिथूनच बुडबुडे आले. बुडबुडे नाहीत तर एकतर माती ओली आहे, नाहीतर रंगाने कोंडली आहे, नाहीतर ती माती नाहीच.

आणि भट्टीत भाजलेली तर अजिबात नको. सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांच्या रचनेतलंच पाणी निघून जातं, ते परत येत नाही. म्हणून माठात पाणी राहतं आणि पवनीच्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं मिळतात. पूजेत या गणपतीला पार्थिव म्हणतात, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. प्राणप्रतिष्ठेपासून उत्तरपूजेपर्यंतच तो देव. निरोपाच्या मंत्रात "पुनरागमनाय च", म्हणजे परत येण्यासाठी, असं येतं. कच्ची माती तसं अक्षरशः करू शकते, भाजलेली नाही.

दोन्ही बादल्यांचं वरचं पाणी आम्ही कण्हेरीला घातलं. खालचा गाळ घमेल्यात वाळवून लेकीने पिशवीत भरून ठेवलाय. कुंभाराने तिला सांगितलंय, पुढच्या साली त्यात थोडा पिंजलेला कापूस घाल, म्हणजे वाळताना भेगा पडणार नाहीत. आणि पोळ्याच्या आधीच करायला घे.